नगाऱ्यानं वाचलेल्या चिठ्ठ्या

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाई विभाग होता आणि त्या विभागात ताईनं सोळा वर्षं घड्या घातल्या होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळ्यांच्या. डोळे मिटूनही तिची घडी कोपऱ्याला कोपरा लावून बसायची. जुने सुपरवायझर निवृत्त झाले तेव्हा वरच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "आता विभाग तुम्ही बघायचा." ताईला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाला बोलवायचं होतं की काय. पण ऑर्डरवर नाव तिचंच होतं.

काम तिला नवं नव्हतं. कोणत्या वॉर्डाला किती चादरी, कोणतं मशीन कधी रुसतं, कुणाची पाठ दुखते, सगळं तिला तोंडपाठ होतं. नवी होती ती फक्त मीटिंग. दर सोमवारी सव्वादोनला, सकाळची पाळी संपताना आणि दुपारची सुरू होताना, सगळ्यांनी ऑफिसच्या खोलीत अर्धा तास बसायचं. सोळा वर्षं ताई त्या मीटिंगला भिंतीला टेकून बसली होती आणि सोळा वर्षांत तिनं तिथं जी काही वाक्यं उच्चारली ती एका हाताच्या बोटांवर मावली असती. त्यातली दोन "पंखा लावा" अशी होती.

बोलायला नगारा होता ना. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण धुण्याची तिन्ही मोठी मशीनं सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे नगाराच म्हणत, आणि तोही त्यावर खूश असे. वीस वर्षं मशीनच्या घरघरीत काम केलेला, अंगापिंडानं आडवा, मनानं मोकळा. कुणाच्या घरी अडचण आली तर पहिला धावणारा. पण मीटिंगमध्ये एकदा सुरू झाला की थांबणं त्याला ठाऊक नव्हतं. साबणापासून सुरुवात करून तो पगारवाढ, लिफ्ट, कँटीनचा चहा अशी सगळी स्टेशनं घेत अर्ध्या तासाच्या टोकाला पोचायचा. उरलेली मंडळी नखं बघायची. मीटिंगच्या वहीत नोंदी असायच्या त्या अशा: नगारा म्हणाले, नगाऱ्यांनी सुचवलं, नगाऱ्यांच्या मते.

ताई सुपरवायझर झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात चादरींवर पिवळे डाग पडू लागले.

पांढऱ्या चादरी धुऊन निघताना स्वच्छ दिसायच्या. रोलरमधून, म्हणजे त्या गरम लोखंडी लाटण्यातून इस्त्री होऊन बाहेर आल्या की कुठे कुठे पिवळसर-तपकिरी छटा. रोज दहा-बारा. मेट्रनबाईंनी त्यातल्या चार चादरी उचलून स्वतः तळघरात आणल्या आणि ताईच्या टेबलावर ठेवल्या. "पेशंटचे नातेवाईक विचारतात, धुतलेली आहे ना? मी काय सांगू?"

सोमवारी ताईनं विषय काढला. वाक्य पुरं व्हायच्या आत नगारा म्हणाला, "रोलर तापतोय जास्त. करपतात चादरी. दुसरं काय असणार? उष्णता वीस डिग्रीनं उतरवा, डाग गायब. मी सांगतो ना." आणि मग मागच्या सुपरवायझरच्या काळात असंच कसं झालं होतं आणि त्यानं तेव्हाही कसं सांगितलं होतं, ते त्यानं सविस्तर सांगितलं.

रोलरवर काम करणारी बाई कोपऱ्यात बसली होती. बारीक चणीची, बारीक आवाजाची, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. तिनं मान वर केली, ओठ हलवले, पुन्हा मान खाली घातली. शिलाईचे काका चष्मा पुसत राहिले. ट्रॉलीवाला दाराशी उभा होता, तो उभाच राहिला. ताईनं विचारलं, "सगळ्यांना पटतंय?" कुणी काही म्हटलं नाही, म्हणजे पटलं. वहीत लिहिलं: रोलरची उष्णता कमी करणे.

उष्णता कमी केली. डाग तसेच राहिले, वर चादरी ओलसर निघू लागल्या. ओलसर चादरींच्या घड्या रात्रभर कपाटात राहिल्या आणि सकाळी त्यांना कुबट वास यायला लागला. मेट्रनबाईंनी या वेळी चार चादरी नाही, आख्खी ट्रॉली परत पाठवली.

पुढच्या सोमवारी ताई ठरवून गेली होती. आज दुसऱ्यांना बोलतं करायचंच. नगारा सुरू झाला तशी तिनं हात वर केला. "दादा, एक मिनिट. आज आपण रोलरवर जी काम करते तिचंच ऐकू या. सांग गं, तुला काय वाटतं?"

सात डोकी एकदम तिच्याकडे वळली. रोलरवाली कानापर्यंत लाल झाली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "दादा म्हणतात ते बरोबरच आहे," एवढं बोलून गप्प. नगाऱ्यानं मान डोलावली आणि सोडलेला धागा जिथं सोडला होता तिथूनच उचलला.

त्यानंतर दोन दिवस रोलरवाली ताईला टाळत होती. ताई इकडून आली की ती तिकडून. ताईला वाईट वाटलं. आपण तिला मान दिला अशी तिची समजूत होती, प्रत्यक्षात तिला भर खोलीत उभं करून परीक्षा घेतल्यासारखं झालं होतं. सोळा वर्षं भिंतीला टेकून बसलेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं, असं ती स्वतःलाच म्हणाली.

ताईचा नवरा न्हावी. त्याचं स्वतःचं छोटं दुकान, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. घरी तो कमी बोलायचा. दिवसभर ऐकून कान भरलेले असायचे. बुधवारी त्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघं गॅलरीत मेथी निवडत बसली होती. ताईनं सगळी कथा सांगितली.

"तू तिला समोर बसवून विचारलंस," तो म्हणाला.

"मग काय पाठीमागून विचारू?"

"मी पाठीमागूनच विचारतो." त्यानं एक काडी बाजूला टाकली. "माझ्या खुर्चीत बसलेला माणूस बायकोला सांगत नाही ते मला सांगतो. का? मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, डोक्याकडे बघतो. हात चालू असतात. मध्येच कात्री थांबवून समोर येऊन उभा राहिलो तर तोच माणूस 'काही नाही, सहज' म्हणतो. समोर बसवून विचारलं की जबानी घेतल्यासारखं वाटतं अगं."

"आणि नगाऱ्यासारखं गिऱ्हाईक आलं की?"

"त्याला चारचौघांत गप्प केलंस तर एकतर फुगेल नाहीतर दुप्पट बोलेल. त्याच्याशी एकट्यानं बोल." मग तो मेथीकडे बघून म्हणाला, "तू पानं टाकतेयस आणि देठं ठेवतेयस."

दुसऱ्या दिवशी रोलरवालीची जोडीदारीण रजेवर होती. रोलरला चादर घालायला दोन माणसं लागतात, दोन टोकांना दोन. ताई बाह्या सारून उभी राहिली. पहिला पाऊण तास दोघी काहीच बोलल्या नाहीत. टोक पकडायचं, ताणायचं, सोडायचं. मग रोलरवाली, नजर चादरीवर ठेवूनच, म्हणाली, "ही बघा. ही पिवळी पडणार."

चादर आत गेली आणि पलीकडून पिवळी होऊन आली.

"तुला कसं कळलं?"

"हाताला कळतं. तीन नंबरच्या मशीनची चादर ओली असताना बुळबुळीत लागते, साबण राहिल्यासारखी. एक आणि दोनची नाही लागत." तिनं बोटं पुढे केली. टोकांची सालं गेली होती. "तीन नंबरचं धुणं आलं की संध्याकाळी आग होते."

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललीस?"

"बोलले होते की. डाग पडायला लागले त्याच आठवड्यात, तुम्ही विषय काढायच्या आधी. दादांना म्हटलं, धुण्यातच काहीतरी आहे. त्यांनी ऐकलंच नाही, लिफ्टचं बोलत राहिले. मग परत कोण तोंड उघडणार?"

ताईनं पुढच्या चादरीचं टोक पकडलं. त्या मीटिंगला ती स्वतः समोरच बसली होती. तिलाही ऐकू आलं नव्हतं.

"माझं नाव घेऊ नका हं," रोलरवाली म्हणाली. "त्यांच्या मशीनवर मी बोट दाखवलं असं होईल."

ताईच्या मनात आलं, आत्ताच जावं, तीन नंबर उघडून बघावं, विषय मिटवावा. पण मग नगारा विचारणार, कुणी सांगितलं? आणि तीन नंबरमधून निघालेल्या चादरी दिवसभर कोण हाताळतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शिवाय पुढच्या वेळी दुसरं काही बिघडलं की पुन्हा हेच. तिनं ठरवलं, सोमवारपर्यंत तिन्ही मशीनच्या चादरी पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढायला लावायच्या, म्हणजे कुणाकडे बोट जाणार नाही, आणि बोलणं मीटिंगमध्येच व्हायचं.

शुक्रवारी दुपारी मशीनं थांबलेली असताना ती दोन कप चहा घेऊन नगाऱ्याकडे गेली. तो उलट्या बादलीवर बसला होता. ताई त्याच्या डाव्या बाजूला टेकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं." नगारा चहा फुंकत राहिला. तिनं पुन्हा म्हटलं. तो चहा प्यायला. तिनं दंडाला हात लावला तसा तो दचकून वळला. "अरे, तुम्ही कधी आलात?"

ताईच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. ती उठली आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"दादा, मीटिंगमध्ये सगळं तुम्हीच बोलता."

"मग काय करू?" तो म्हणाला, आणि त्यात तक्रार होती, फुशारकी नव्हती. "कुणी बोलतच नाही. मी थांबलो की सगळे तोंड मिटून बसतात. मला नाही सहन होत. कुणीतरी बोलायला नको?"

"बोलतात ते. हळू बोलतात. डाव्या कानानं तुम्हाला ऐकू कमी येतं का?"

नगाऱ्यानं कपात बघितलं. "घरी टीव्ही मोठा लावतो म्हणून मुलगी भांडते," तो शेवटी म्हणाला. त्याच्या मानानं ते फारच हळू होतं.

ताईनं तो विषय ताणला नाही. तिला जे सांगायचं होतं ते मात्र तिनं सरळ सांगितलं. "तुम्हाला माहिती जास्त आहे, हे सगळ्यांना मान्य आहे. म्हणूनच तुम्ही पहिलं बोललात की बाकीच्यांना वाटतं, संपलं, आता आपण काय सांगणार. सोमवारी तुम्ही शेवटी बोला."

"म्हणजे मी गप्प बसायचं."

"गप्प नाही. शेवटी. आणि त्याआधी एक काम आहे, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मी सगळ्यांना चिठ्ठ्या लिहायला सांगणार आहे. त्या तुम्ही वाचायच्या. तुमच्या आवाजात वाचल्या तर शेवटच्या माणसापर्यंत पोचतील."

"चिठ्ठ्या," नगारा म्हणाला. "शाळा आहे का ही?" पण नाही म्हणाला नाही. चहा संपवून त्यानं दोन्ही कप स्वतःच विसळले.

सोमवारी ताईनं मीटिंग ऑफिसात घेतलीच नाही. सगळ्यांना घडी घालायच्या लांब टेबलाभोवती उभं केलं, मधोमध अभ्र्यांचा ढीग ठेवला. "हात चालू ठेवले तरी चालेल," ती म्हणाली. नगाऱ्याला तिनं टेबलाच्या डाव्या टोकाला उभं केलं, म्हणजे सगळी मंडळी त्याच्या उजव्या कानाकडे आली. मग प्रत्येकाला कागदाचा तुकडा दिला. "पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. मीसुद्धा. डागांबद्दल तुम्ही स्वतः काय पाहिलंत तेवढं लिहा. कारण माहीत नसलं तरी चालेल. नाव लिहू नका. ट्रॉलीदादा, तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे ना, काकांच्या कानात सांगा, ते लिहितील."

पाच मिनिटं नगाऱ्याला जड गेली. त्यानं तीनदा घसा खाकरला, छताकडे बघितलं, एका अभ्र्याची चार वेळा घडी घालून चार वेळा मोडली. पण बोलला नाही. चिठ्ठ्या डब्यात पडल्या. डबा त्याच्या हातात आला.

त्यानं पहिली उघडली आणि तळघर दणाणेल अशी वाचली. "डाग फक्त तीन नंबरच्या चादरींवर असतात."

तो थांबला. दुसरी. "पिवळ्या झालेल्या चादरी शिलाईला आल्या की टाक्याजवळ फाटतात. कापड कुजल्यासारखं झालंय." तिसरी. "तीन नंबरच्या ओल्या चादरी हाताला बुळबुळीत लागतात. बोटांची सालं जातात."

"हे कुणी—"

"आधी सगळ्या, दादा," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा तांबडा झाला होता. तिन्ही मशीनं त्याची होती आणि तीन नंबर तर लाडकं. पण डबा हातात होता आणि वाचणं पुरं करायचं कबूल केलं होतं. त्यानं पुढची उघडली. अक्षर शिलाईच्या काकांचं, मजकूर ट्रॉलीवाल्याचा. "एक आणि दोन नंबरचा आंबटाचा कॅन मी दर आठवड्याला बदलतो. तीनचा चार आठवडे झाले बदलावा लागला नाही. अजून भरलेला आहे."

या वेळी तो थांबला तो आपणहून.

आंबट म्हणजे शेवटच्या पाण्यात पडणारं सौम्य आम्ल. धुण्यात सोडा असतो, तो कापडात राहू नये म्हणून मशीन आपोआप शेवटी आंबट ओढून घेतं. सोडा राहिला तर गरम रोलरखाली कापड पिवळं पडतं. हे नगाऱ्याला इतरांपेक्षा चांगलं माहीत होतं. तीन नंबरवर आंबटाच्या पंपाचा हिरवा दिवा रोज लागत होता, म्हणून त्याला कधी शंकाच आली नव्हती.

"आता एकेक जण," ताई म्हणाली. "ज्याला काही सांगायचं आहे त्यानं सांगायचं, नसेल तर 'पुढे' म्हणायचं. कुणी कुणाला मध्ये तोडायचं नाही."

काका म्हणाले, "पुढे." ट्रॉलीवाला म्हणाला, "पुढे," आणि मग, "नाही, थांबा. महिन्यापूर्वी फरशी बसवायला आले होते तेव्हा मी तो कॅन उचलून भिंतीला सरकवला होता. तेव्हापासून तो तिथेच आहे."

मग रोलरवालीची पाळी आली. अभ्र्याच्या कडा जुळवत ती काहीतरी म्हणाली.

"मोठ्यानं बोल," नगारा गरजला. तिचे हात थांबले. मग त्यानं एक पाऊल पुढे येऊन, कान तिच्याकडे करून म्हटलं, "ओरडत नाहीये मी. मला ऐकू येत नाही नीट. परत सांग."

हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"ती चिठ्ठी माझी आहे," रोलरवाली म्हणाली. तिनं बोटं त्याच्यासमोर धरली. "दोष मशीनचा की आणखी कशाचा ते मला माहीत नाही. पण रोलरचा नाही. उष्णता उतरवायला नको होती."

नगाऱ्यानं बोटं बघितली. तो आतल्या कपाटाकडे गेला आणि एक छोटी बाटली घेऊन आला. सोडा तपासायचे थेंब. वर्षात दोनदा बाहेर निघायचे. एक नंबरच्या ओल्या चादरीवर त्यानं थेंब टाकला. काही झालं नाही. तीन नंबरच्या चादरीवर टाकला. थेंबाभोवती गुलाबी गोल उमटला, लग्नातल्या रांगोळीसारखा टवटवीत.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. कॅनच्या मागे नळी भिंतीत दबून चपटी झाली होती. पंप इमानेइतबारे चालत होता आणि काहीही ओढत नव्हता. नगाऱ्यानं कॅन पुढे ओढला, नळी कापून नवी बसवली. ट्रॉलीवाला "माझ्यामुळे" म्हणायला लागला तर नगारा म्हणाला, "महिनाभर दिवा बघत बसलो मी, नळी नाही बघितली. तुझं काय त्यात?"

रोलर पुन्हा पूर्वीइतका तापवला. पिवळ्या चादरी आंबटासकट पुन्हा धुतल्या, बऱ्याचशा पांढऱ्या झाल्या. ज्या विरल्या होत्या त्यांची काकांनी पुसायची फडकी केली. मेट्रनबाई येऊन एक चादर उलटसुलट बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून ती शाबासकीच होती.

नगारा दोन दिवस फुगला. तिसऱ्या दिवशी त्यानं रोलरवालीच्या टेबलावर रबरी हातमोज्यांचा जोड आणून ठेवला, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर जाऊन कान तपासून आला. डावा बराच गेला होता. यंत्र लावायला तो अजून तयार नाही, पण मशीनपाशी कानात बोळे घालतो आणि बाकीच्यांनाही घालायला लावतो, मोठ्यानं ओरडून.

मीटिंग आता टेबलाभोवतीच होते. दर वेळी सुरळीत होते असं नाही. एखाद्या सोमवारी नगारा पुन्हा कँटीनच्या चहावर घसरतो; ताई म्हणते, "शेवटी, दादा," आणि तो "हो हो" म्हणून आणखी दोन वाक्यं बोलून मगच थांबतो. काका अजून बहुतेक वेळा "पुढे"च म्हणतात. चिठ्ठ्यांत कधी कधी थट्टा निघते. नगारा तीही त्याच दणक्यात वाचतो.

परवाच्या सोमवारी ताईनं एक योजना मांडली. दुपारच्या पाळीची मधली सुट्टी अर्धा तास आधी घ्यायची, म्हणजे वॉर्डांच्या ट्रॉल्या वेळेत निघतील. तिनं त्यासाठी रविवारभर बसून तक्ता आखला होता, तीन रंगांत. चिठ्ठ्या झाल्या, पाळी फिरली आणि रोलरवालीपाशी आली. तिनं घडी टेबलावर ठेवली.

"ताई, हे नाही जमणार," ती म्हणाली. आवाज बारीकच होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "अर्धा तास आधी रोलर थांबवला तर ट्रॉल्यांच्या चादरी अर्ध्यावर राहतील, आणि तो परत तापायला वीस मिनिटं जातात. ट्रॉल्या लवकर नाही, उशिरा निघतील."

"हे बरोबर आहे," ट्रॉलीवाला म्हणाला.

"बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांनी त्या दिवशी "पुढे" म्हटलंच नाही.

ताईच्या ओठांवर आलं होतं, की तक्ता बघा तरी आधी, मी सगळा विचार केलाय. तिनं ते गिळलं. नगारा तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. त्याची पाळी अजून यायची होती. ताईनं तीन रंगांचा तक्ता उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि म्हणाली, "बरं, मग सुट्टी कधी घ्यायची ते सांगा."